झोपेची किंवा टेन्शनची गोळी लघवीच्या चाचणीत किती दिवस दिसते? आणि नोकरीच्या मेडिकलआधी ती का सांगावी?

नवी नोकरी लागते, ऑफर लेटर येतं आणि सोबत मेडिकलची तारीख येते. रक्त, एक्स-रे, डोळे, कान आणि एका छोट्या डबीत लघवीचा नमुना. फॉर्मवर एक रकाना असतो: 'सध्या कोणती औषधं घेता?' बहुतेक जण तिथे 'नाही' लिहून पुढे जातात. रोज रात्री अर्धी क्लोनाझेपाम घेणारेही 'नाही' लिहितात, कारण ती गोळी म्हणजे आजार नाही असं त्यांना वाटतं, किंवा कंपनीला कळलं तर नोकरी जाईल अशी भीती असते.

सगळ्याच कंपन्या अशा औषधांची चाचणी करत नाहीत. पण जिथे एकाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, तिथे ती होते. भारतात याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण विमान वाहतुकीचं आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांचे याबाबतचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. वैमानिक, केबिन क्रू, विमानांची देखभाल करणारे आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्यापैकी किमान १० टक्के लोकांची दरवर्षी अचानक चाचणी घ्यायची असते. नोकरीवर घेण्याआधीही ती करायची असते. त्या यादीत गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ यांच्याबरोबर 'बेंझोडायझेपिन' हे नाव आहे.

बेंझोडायझेपिन म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, मेडिकलच्या दुकानातून बिल घेऊन आणलेल्या साध्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. शेवटची आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'काम्पोज' म्हणून माहीत आहे. 'झेड औषधं' त्यांची दूरची भावंडं: झोल्पिडेम, झोपिक्लोन, एस्झोपिक्लोन, झालेप्लॉन. मेंदूतल्या साधारण त्याच जागी ती काम करतात, पण त्यांची रासायनिक रचना वेगळी आहे. ही वेगळी रचना चाचणीत फार महत्त्वाची ठरते, ते पुढे बघू.

एक उदाहरण घेऊ

समजा, विमान देखभालीच्या एका कंपनीत तंत्रज्ञ म्हणून निवड झालेला एक तरुण आहे. महिन्याभरापूर्वी त्याची कंबर धरली होती. फॅमिली डॉक्टरांनी पेनकिलरबरोबर रात्री डायझेपाम ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिली, स्नायू सैल पडावेत म्हणून. दहा रात्री त्याने ती घेतली, कंबर सुटली, गोळी थांबली. त्यानंतर १२ दिवसांनी मेडिकल आहे. फॉर्मवर तो 'नाही' लिहितो. खोटं बोलायचं म्हणून नाही. 'सध्या' घेत नाही, म्हणून.

त्याच्या लघवीत काही सापडेल का?

औषध शरीरातून किती वेगाने जातं ते 'अर्धायुष्या'वरून कळतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. एक अर्धायुष्य गेलं की निम्मं उरतं, दुसरं गेलं की पाव, तिसरं गेलं की दोन आणे. पाच अर्धायुष्यांनी जेमतेम ३ टक्के उरतं, आणि औषध 'गेलं' असं साधारणपणे तेव्हाच म्हणतात.

डायझेपामचं स्वतःचं अर्धायुष्य साधारण दोन दिवसांपर्यंत असतं. पण यकृत डायझेपामचं जे रूपांतर करतं, त्या नॉर्डायझेपामचं अर्धायुष्य त्याहून बरंच लांब असतं. कुणात दीड दिवस, तर कुणात चार दिवसांपर्यंत. हा पदार्थही शरीरावर परिणाम करतो आणि रोज गोळी घेतली की साठत जातो. आपल्या तंत्रज्ञासाठी मधला आकडा धरू, ७२ तास. १२ दिवस म्हणजे २८८ तास, म्हणजे बरोब्बर चार अर्धायुष्यं. शेवटच्या गोळीच्या वेळी जे होतं, त्याचा सोळावा भाग अजून शरीरात आहे.

आता फक्त हिशेबासाठी समजा की शेवटच्या दिवशी त्याच्या लघवीत हे पदार्थ मिलिलिटरला ३,२०० नॅनोग्रॅम होते. सोळावा भाग म्हणजे २००. लघवीच्या पहिल्या चाचणीत एक सीमारेषा ठरलेली असते. तिच्यावर गेलं तरच पॉझिटिव्ह. बेंझोडायझेपिनसाठी बऱ्याच किटमध्ये ती ३०० असते, काही प्रयोगशाळांत २००. एकाच माणसाची, एकाच सकाळची लघवी. ३०० च्या डबीत ती निगेटिव्ह येईल, २०० च्या यंत्रावर अगदी काठावर असेल, आणि त्याहून खाली मोजणाऱ्या खात्रीच्या चाचणीत ठळक दिसेल.

त्यामुळे 'किती दिवस दिसते?' याचं एका आकड्यात उत्तर देणाऱ्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. उत्तर औषधावर अवलंबून आहे, किती दिवस घेतलं त्यावर आहे, तुमच्या यकृतावर आणि वयावर आहे, आणि समोरच्या प्रयोगशाळेने रेषा कुठे ओढली आहे त्यावरही आहे. इतकंच काय, त्या सकाळी तुम्ही किती पाणी प्यायलात यावरही आकडा वर-खाली होतो.

तरी अंदाजे किती?

अंदाज मात्र देता येतो. लोराझेपाम, अल्प्राझोलामसारखी तुलनेने लवकर जाणारी औषधं एखाद-दोनदा घेतली तर साधारण तीन दिवस दिसतात, नियमित घेतली तर थोडी जास्त. क्लोनाझेपामचं अर्धायुष्य ३० ते ४० तासांचं आहे. पाच अर्धायुष्यं म्हणजे जवळजवळ आठवडा, आणि बारकाईने शोधणाऱ्या यंत्रावर त्याचे अवशेष आठवड्यानंतरही मिळू शकतात. डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांचा मुक्काम सगळ्यात लांब. एक-दोन गोळ्यांनंतर आठवडा-दहा दिवस, आणि महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्यात बंद केल्यावरही महिनाभर.

झेड औषधं याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. झोल्पिडेमचं अर्धायुष्य अडीच तासांच्या आसपास, झोपिक्लोनचं पाच, झालेप्लॉनचं एक. म्हणून लघवीत ती एक ते तीन दिवसांपलीकडे सहसा टिकत नाहीत. झोल्पिडेममध्ये आणखी एक गंमत आहे. मूळ औषध लघवीत एक टक्काही उतरत नाही. शरीर त्याचं एका आम्लात रूपांतर करतं आणि ते बाहेर टाकतं. जी प्रयोगशाळा फक्त झोल्पिडेम शोधते तिला ते काल रात्री घेतलेलं असूनही कदाचित दिसणार नाही, आणि जी ते आम्ल शोधते तिला तीन दिवसांपूर्वीचंही दिसू शकतं.

पहिली डबी नक्की काय शोधते?

मेडिकलच्या ठिकाणी जी डबी किंवा पट्टी वापरतात, ती औषधाचं नाव ओळखत नाही. त्या पट्टीवर प्रतिपिंडं असतात, आणि ती एका ठराविक आकाराच्या रेणूला चिकटायला तयार केलेली असतात. बेंझोडायझेपिनच्या पट्टीत हा रेणू बहुधा ऑक्साझेपाम किंवा नॉर्डायझेपाम असतो. कुलुपाला एका किल्लीचं माप दिलंय आणि आपण त्यात दहा किल्ल्या घालून बघतो, असा हा प्रकार.

डायझेपामची किल्ली त्यात नीट बसते, कारण शरीर डायझेपामचं शेवटी ऑक्साझेपामच करतं. क्लोनाझेपाम मात्र लघवीत ७-अमिनोक्लोनाझेपाम म्हणून उतरतं, आणि जुन्या पद्धतीच्या पट्ट्यांना ते नीट ओळखता येत नाही. लोराझेपाम साखरेसारख्या एका रेणूला बांधून बाहेर पडतं. ती गाठ आधी सोडवली नाही तर तेही बऱ्याचदा निसटतं. त्यामुळे रोज क्लोनाझेपाम घेणाऱ्याची पट्टी निगेटिव्ह आणि बारा दिवसांपूर्वी डायझेपाम थांबवलेल्याची पॉझिटिव्ह, असं उलटं चित्र खरोखर दिसू शकतं. झेड औषधं तर या पट्टीच्या कुलुपात बसतच नाहीत. ती शोधायची असतील तर त्यांची वेगळी चाचणी मागवावी लागते.

उलटा घोटाळाही होतो. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं सर्रास दिलं जाणारं औषध आहे आणि ते बेंझोडायझेपिन नाही. तरी त्याने ही पट्टी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, अशी सूचना त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे. औषध बंद केल्यावर काही दिवस हे घडू शकतं.

म्हणून जबाबदार व्यवस्थेत पहिल्या डबीवर निकाल लावत नाहीत. डीजीसीएच्या नियमांत पहिल्या चाचणीतल्या अशा निकालाला 'पॉझिटिव्ह' न म्हणता 'नॉन-निगेटिव्ह' म्हणतात. शब्द थोडा विचित्र आहे, पण नेमका आहे: 'निगेटिव्ह म्हणता येत नाही, पुढे तपासा.' त्या व्यक्तीला सुरक्षेशी संबंधित कामावरून बाजूला ठेवतात आणि नमुना खात्रीच्या चाचणीला जातो. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीचं यंत्र असतं. ते रेणूचं वजन आणि त्याचे तुकडे मोजून नेमका पदार्थ सांगतं. सर्ट्रालिनचा घोटाळा इथे सुटतो.

आपल्या तंत्रज्ञाचा घोटाळा मात्र इथे सुटत नाही. इथेच तो सुरू होतो.

रिपोर्टवर तीन अनोळखी नावं

बारा दिवसांनी त्याच्या लघवीत डायझेपाम असं जवळजवळ नसेलच. खात्रीच्या रिपोर्टवर येतील नॉर्डायझेपाम, टेमाझेपाम आणि ऑक्साझेपाम. यकृत डायझेपामची ही तीन रूपं करतं. पण यातली टेमाझेपाम आणि ऑक्साझेपाम ही काही देशांत स्वतंत्र औषधं म्हणूनही विकली जातात. रिपोर्ट वाचणारा माणूस एचआरमधला असेल, तर त्याला दिसतं ते एवढंच: फॉर्मवर 'औषध नाही', आणि लघवीत तीन-तीन औषधं.

आता हा तरुण घरी धावत जातो, डॉक्टरांची चिठ्ठी शोधतो आणि घेऊन येतो. चिठ्ठीवर लिहिलंय 'डायझेपाम'. रिपोर्टवर ते नावच नाही. त्याने हे आधी सांगितलं असतं तर तपासणाऱ्या डॉक्टरांना तीन नावं पाहून लगेच कळलं असतं की हा एकाच गोळीचा माग आहे. निकालानंतर तीच गोष्ट सबबीसारखी ऐकू येते. पॉझिटिव्ह आल्यावर खोटी चिठ्ठी आणणारेही असतात, त्यामुळे समोरच्याचा संशय अगदीच गैर म्हणता येत नाही.

अमेरिकेत ज्या क्षेत्रांत कायद्याने चाचणी होते, तिथे यासाठी एक स्वतंत्र डॉक्टर असतो, मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर. प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह निकाल आधी त्याच्याकडे जातो. तो कर्मचाऱ्याला फोन करतो, औषध विचारतो, चिठ्ठी दुकानाकडून पडताळतो. वैध कारण सापडलं तर कंपनीला 'निगेटिव्ह' एवढंच कळवतो. कंपनीला औषधाचं नाव कळतच नाही. आपल्याकडच्या अनेक खासगी मेडिकलमध्ये असा मधला माणूस नसतो. रिपोर्ट थेट ईमेलने कंपनीकडे जातो. म्हणून आपल्याकडे आधी सांगण्याचं वजन जास्त आहे, असं मला वाटतं.

'मी तर अशी गोळी घेतच नाही'

हे वाक्य म्हणणाऱ्यांपैकी काही जण ती घेत असतात आणि त्यांना ते माहीत नसतं. भारतात दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिळण्याचं प्रमाण मोठं आहे. पोटात मुरडा येणं, वारंवार शौचाला लागणं यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं. म्हणजे वर सांगितलेलं सगळ्यात लांब मुक्काम करणारं औषध 'पोटाची गोळी' म्हणून घेतलं जातं. छातीत धडधडतं म्हणून दिलेल्या प्रोप्रानोलॉलच्या गोळीत कधी अल्प्राझोलाम किंवा एटिझोलाम असतं. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम असतं. जुन्या डोकेदुखीसाठी किंवा झोपेसाठी मिळणाऱ्या अमिट्रिप्टिलिनच्या एका गोळीत पुन्हा क्लोरडायझेपॉक्साइड.

स्ट्रिपच्या पुढच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं मोठं नाव असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक असतात. मेडिकलआधी गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या स्ट्रिपांची मागची बाजू वाचा. 'झेपाम', 'झोलाम' किंवा 'डायझेपॉक्साइड' असा शेवट दिसला की ते बेंझोडायझेपिन किंवा त्याचा जवळचा नातेवाईक आहे असं समजा. स्ट्रिप फेकून दिली असेल तर मोबाइलमध्ये बिलाचा फोटो शोधा.

आणखी एक प्रकार घरोघरी चालतो: आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री, रात्रीच्या बसने जाताना, बाळंतपणानंतर झोप लागत नाही म्हणून. ही अर्धी गोळीही चाचणीत पूर्ण गोळीसारखीच दिसते, फक्त तिच्यामागे तुमच्या नावाची चिठ्ठी नसते. चाचणीच्या दृष्टीने चिठ्ठी नसलेलं औषध हे गैरवापराच्या बाजूला जातं, मग घेण्यामागचा हेतू काहीही असो. अशी गोळी घेतली असेल तर तीही तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगणं बरं. निदान प्रश्न 'व्यसन आहे का' इथून सुरू होत नाही.

मग आठवडाभर गोळी बंद ठेवली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि यातच सगळ्यात मोठा धोका आहे.

कधीमधी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण महिनोन्‌महिने रोज बेंझोडायझेपिन घेणाऱ्या माणसाच्या मेंदूने त्या औषधाची सवय करून घेतलेली असते. ते एकदम काढलं की मेंदू उलट्या दिशेने उसळतो. झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, चिंता आधीपेक्षा दुप्पट वाटते. काही जणांना फिट येते, आणि ती जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या औषधांच्या पाकिटावरचा सगळ्यात कडक इशारा वाढवला, त्यात अवलंबित्व आणि अचानक बंद केल्यावरचे हे परिणाम आहेत. झेड औषधांतही मोठ्या मात्रेची सवय असलेल्यांत असं घडलेलं आहे.

अल्प्राझोलामसारखं लवकर जाणारं औषध असेल तर त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम असेल तर तो काही दिवसांनी येतो. म्हणजे सोमवारी गोळी बंद केली, बुधवारपर्यंत काही झालं नाही म्हणून निर्धास्त झालात, आणि शुक्रवारी मेडिकलच्या दिवशीच त्रास सुरू झाला, असं होऊ शकतं. उच्च रक्तदाब, वाढलेले ठोके, थरथरणारे हात घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. आणि वर हिशेब पाहिला त्याप्रमाणे क्लोनाझेपाम एवढ्यात लघवीतून गेलेलंही नसतं. म्हणजे या मार्गाने जोखीम पूर्ण पत्करावी लागते आणि चाचणीत फायदा काहीच मिळत नाही.

गोळी बंद करायचीच असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू, आठवड्यांच्या आणि कधी महिन्यांच्या टप्प्यांत कमी करतात. मेडिकलची तारीख हे त्याचं वेळापत्रक ठरवू शकत नाही.

भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ करण्याचा सल्लाही फिरतो. प्रयोगशाळा लघवीतलं क्रिएटिनिन मोजते. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना 'पातळ' म्हणून नोंदला जातो. नमुन्याचं तापमानही देताक्षणी पाहिलं जातं. पुन्हा नमुना द्यावा लागतो, आणि यावेळी समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघत असतो.

कुणाला आणि कसं सांगायचं?

सांगायचं ते तपासणाऱ्या डॉक्टरांना, आणि नमुना देण्याआधी. एचआरच्या सामायिक फॉर्मवर आजाराचं नाव लिहायची गरज बहुधा नसते. फॉर्म कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या हातातून जाणार असेल तर त्यावर 'डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू आहे, तपशील तपासणाऱ्या डॉक्टरांना दिला आहे' असं लिहा आणि तपशील बंद पाकिटात डॉक्टरांच्या हातात द्या. मानसिक आरोग्याच्या उपचारांबद्दलची गोपनीयता हा भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाचा हक्क आहे.

त्या पाकिटात डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह चिठ्ठी हवी. औषधाचं मूळ नाव, मात्रा, कधी सुरू झालं आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली, हे लिहिलेलं हवं. शेवटची वेळ लोक लिहायला विसरतात, पण रिपोर्टवरचा आकडा तुमच्या सांगण्याशी जुळतो की नाही हे तिच्यावरूनच ठरतं. मेडिकलच्या दुकानाचं बिलही जोडा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि झोल्पिडेम ही औषधं 'एच-वन' यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचं, डॉक्टरांचं आणि औषधाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. चिठ्ठी हरवली असली तरी ही नोंद तुमच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. चिठ्ठीशिवाय 'ओळखीने' गोळी देणारा दुकानदार त्या क्षणी सोयीचा वाटतो. असा पुरावा मात्र त्याच्याकडे नसतो.

आपला तंत्रज्ञ पुन्हा सुरुवातीला नेऊन पाहू. यावेळी तो लिहितो: 'डायझेपाम ५ मिलिग्रॅम, रात्री एक, दहा दिवस, कंबरदुखीसाठी, शेवटची गोळी १२ दिवसांपूर्वी.' पट्टी काठावर येते, नमुना पुढे जातो, रिपोर्टवर ती तीन नावं येतात, डायझेपाम नसतं किंवा अगदी नाममात्र असतं. डॉक्टर जुळवून बघतात: औषध जुळतं, काळ जुळतो, प्रमाण जुळतं. या माहितीने लघवीतला एक नॅनोग्रॅमही बदललेला नाही. बदलला तो तिचा अर्थ.

सांगितलं की काम झालंच असं नाही

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. वैध चिठ्ठी असली म्हणजे प्रत्येक कामासाठी 'फिट' असं होत नाही. लघवीची चाचणी औषध शरीरात आलं होतं एवढंच सांगते. माणूस आत्ता गुंगीत आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. ते ठरवण्यासाठीच डॉक्टरांना मात्रा, वेळ आणि कामाचं स्वरूप कळायला हवं. ऑफिसात बसून हिशेब करणाऱ्याला रात्रीची क्लोनाझेपाम चालेल. विमानाच्या इंजिनावर पहाटे चारच्या पाळीला उभं राहणाऱ्याला, क्रेन चालवणाऱ्याला किंवा वैमानिकाला ती चालणार नाही, कदाचित तात्पुरती बदली करावी लागेल किंवा डॉक्टरांना औषध बदलावं लागेल.

झोल्पिडेम 'हलकी' गोळी म्हणून ओळखली जाते. पण २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी तिची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. स्त्रियांच्या शरीरातून ती हळू जाते, आणि रात्री घेतलेल्या गोळीचं सकाळी उरलेलं प्रमाण गाडी चालवण्याइतकी सावधता कमी करतं असं दिसलं होतं. माणसाला मात्र आपण पूर्ण जागे आहोत असंच वाटत असतं. डबीत न दिसणारी गोळीही सांगायची ती यासाठी. झोल्पिडेम पट्टीवर येत नाही हे खरं असलं, तरी सकाळच्या पाळीत ती अंगात असू शकते.

काही कंपन्या अशी माहिती मिळाल्यावर अन्याय करतात, हेही खरं आहे. चांगला उमेदवार केवळ 'झोपेची गोळी' या शब्दाने बाजूला पडल्याचं तुम्ही ऐकलं असेल. तो धोका शून्य नाही. पण दोन प्रसंगांची तुलना करा. एकात तुम्ही औषध सांगितलंय आणि कंपनी घाबरली आहे. डॉक्टरांचं पत्र, पर्यायी औषध, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, असे रस्ते उघडे आहेत. दुसऱ्यात तुमच्या सहीच्या फॉर्मवर 'नाही' आहे आणि प्रयोगशाळेच्या कागदावर 'हो'. तिथे मुद्दा औषधाचा राहत नाही, खोट्या माहितीचा होतो, आणि त्यासाठी नेमणूक रद्द करण्याचं कलम बहुतेक ऑफर लेटरमध्ये आधीच छापलेलं असतं.

निकाल आधीच हातात आला असेल तर

मेडिकल होऊन गेलं, औषध लिहायचं राहिलं, आणि आता फोन आलाय की लघवीत काहीतरी सापडलं. घाबरून 'मी कधीच काही घेत नाही' असं लेखी देऊ नका. ते वाक्य पुढे मागे घेता येत नाही. आधी विचारा, हा निकाल पट्टीचा आहे की मास स्पेक्ट्रोमेट्रीचा? पट्टीचा असेल तर खात्रीच्या चाचणीची लेखी मागणी करा. नमुना देताना तुमच्यासमोर बाटली सील झाली होती का, त्यावर तुमची सही आहे का, हे आठवून लिहून ठेवा. खात्रीची चाचणी झालेली असेल तर पूर्ण रिपोर्ट मागा, ज्यात पदार्थांची नावं आणि प्रमाण असतं. नुसतं 'बेंझो पॉझिटिव्ह' एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मग तो रिपोर्ट आणि तुमच्या औषधांची यादी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. नॉर्डायझेपाम, टेमाझेपाम, ऑक्साझेपाम ही नावं दिसली तर डायझेपाम आठवा. नॉर्डायझेपाम आणि ऑक्साझेपाम दिसली, पण टेमाझेपाम नसेल, तर एकदा त्या पोटाच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बघा.